मदत हवी आहे: 'मागच्यासारखेच' म्हणजे नक्की कोणते मोदक?

मी घरून उकडीचे मोदक देते. एका काकूंनी सांगून ठेवलंय, "दर संकष्टीला मागच्यासारखेच पाठवत जा, विचारू नकोस." माझ्या वहीत त्यांच्या तीन नोंदी आहेत: आधी २१ उकडीचे, मग ११ उकडीचे आणि १० तळणीचे (मुलाला प्रवासात न्यायचे होते), आणि शेवटी अंगारकीला ५१.

परवा संकष्टी आहे, यावेळी साधी. शब्दशः घेतलं तर ५१ होतात, पण ते अंगारकीपुरते असावेत असं वाटतं. काकू यात्रेला गेल्यात, फोन लागत नाही. सूनबाई म्हणतात, "आई सांगतील तेच." पैसे महिनाअखेरीस मिळतात, त्यामुळे आगाऊ रकमेवरूनही अंदाज येत नाही. नारळ उद्याच आणायचेत, आणि उरलेले उकडीचे दुसऱ्या दिवशी कडक होतात, म्हणून जास्तीचे करून ठेवणं परवडत नाही.

माझा कल २१ कडे आहे. पण मी २१ दिले की पुढच्या वेळचं 'मागचं' तेच ठरणार ना? तुम्ही अशा वेळी शेवटची नोंद धरता की नेहमीची? आणि पुढे वहीत 'नेहमीचे' आणि 'खास' वेगळे लिहायचे, तर काकूंकडून एकदाच काय विचारून घ्यावं?