काडी म्हणून चिडवलं की पोरगा घडते का?

सोयाबीनपट्टा: भाचा सोळा वर्षांचा, दारव्हा तालुक्यात अकरावीले. गावात सगळे त्याले ‘काडी’ म्हणतात. दोन महिन्यांपासून पुडीत बांधलेल्या, वजन वाढवायच्या गोळ्या खाऊन राह्यला. गाल भरले, घरचे खूश आहेत. चिडवलं म्हणूनच पोरगा अंगाकडे पाहायले लागला, असं जावई म्हणतात. मले नाही पटत. तुम्हाले काय वाटते?

आखाड्यातला भाऊ: जावयाचं बरोबर आहे. आमच्या उस्तादानं चारचौघांत वाळकं म्हटलं नसतं तर मी जोर-बैठका काढल्याच नसत्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून पोरं घडवून राह्यलं, ते लाड करून नाही. गोळ्या मात्र वाईट. आजच फेकून द्या. भिजवलेले चणे, दूध, शेंगदाणे चालू करा.

उपकेंद्रातली ताई: भाऊ, चण्यांचं बरोबर आहे, पण ‘आजच फेका’ हे करू नका. पुडीतल्या अशा गोळ्यांत बहुतेक वेळा डेक्सामेथासोन असतं, सोबत सायप्रोहेप्टाडिन. दुसरी गोळी भूक वाढवते आणि झोप आणते. पहिली स्टेरॉइड आहे, पण अंग कमावणारं नव्हे. तिनं चेहऱ्यावर आणि पोटावर चरबी अन् पाणी चढतं, आणि मांड्या-खांद्यांचं मांस उलट झिजतं. उंचीची वाढही मंदावते.

घरच्या घरी पाहा: पोराला उकिडवं बसवा आणि हात न टेकता उठायला सांगा. गाल गोल झालेत पण उठताना मांड्या साथ देत नाहीत, पोटावर-मांडीवर जांभळे पट्टे उठलेत, असं असेल तर संशय पक्का धरा. तो सहज उठला म्हणून गोळी निर्धोक समजू नका.

शरीर एरवी असंच एक द्रव्य स्वतः तयार करतं. गोळी रोज मिळाली की ते काम मंद पडतं. दोन महिन्यांनी गोळी एकदम तोडली तर उलट्या, चक्कर, पार गळून जाणं असं होऊ शकतं, आणि त्यातच ताप आला तर जिवावर बेततं. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

भरतीची तयारी: पोलीस भरतीले छाती न फुगवता 79 अन् फुगवून 5 सेंटिमीटर जास्त लागते. माही 80 आहे, पण फुगवून 83 च होते. एक महिना ह्या गोळ्या घेतल्या तर जमन का?

उपकेंद्रातली ताई: नाही. तुझी 80 पुरेशी आहे, कमी पडतो तो फुगवटा. तो बरगड्यांच्या हालचालीतून आणि श्वासाच्या सरावातून येतो. अंगावर चरबी चढली तर 1600 मीटर धावताना तीच जड होईल.

शाळेतला मास्तर: मूळ प्रश्न चिडवण्याचा होता. काही मुलांची वाढ अकराव्या वर्षी सुरू होते, काहींची चौदाव्या. एकाच बाकावर मिशा फुटलेला आणि कोवळ्या आवाजाचा असे दोघं बसतात, अन् दोघंही ठणठणीत असतात. आधी उंची झपाट्यानं वाढते, अंग त्यानंतर भरतं. उशिरा सुरुवात झालेल्या मुलाला काडी म्हणणं म्हणजे त्यानं न केलेल्या चुकीची शिक्षा आहे.

मी मे महिन्याच्या उन्हात शर्टाखाली दोन टी-शर्ट घालणारी पोरं पाहिली आहेत, दंड जाड दिसावेत म्हणून. विहिरीवर पोहायला येत नाहीत, लग्नाला टाळतात, फोनवर एकाच दंडाचे फोटो काढत राहतात. असं दिसलं की प्रकरण व्यायामाच्या हौसेपुढं गेलं. पिळदार अंग कमावूनही काहींना आपण वाळकेच दिसतो. हा मानसिक आजार आहे, त्याला मानसोपचार लागतात, खुराक वाढवून तो जात नाही.

आखाड्यातला भाऊ: मास्तर, उस्ताद रोज सोबत मेहनत करून घेत होता, म्हणून त्याचं बोलणं लागत नव्हतं, हे मान्य. पण बोलणंच बंद केलं तर पोट्टे खाटेवर मोबाइल घेऊन पडतात, हेही मी रोज पाहतो.

शाळेतला मास्तर: मग ‘संध्याकाळी माझ्यासोबत चल’ म्हणा. त्यासाठी काडी कशाला म्हणावं लागते?

आखाड्यातला भाऊ: सगळेच पोट्टे गोड बोलून येत नाहीत, मास्तर. माहं मत तेच आहे.

सोयाबीनपट्टा: आत्ताच फोन केला. बसून उठताना भाचा मांडीवर हात टेकवते. पुडीवर नाव नाही. जावई म्हणतात, दवाखान्यात नेलं तर गावात बोभाटा होईन.

उपकेंद्रातली ताई: पुडी, उरलेल्या गोळ्यांसकट, सोबत घ्या. आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, ते गरज पडल्यास यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला पाठवतील. किती दिवस आणि रोज किती गोळ्या खाल्ल्या ते भाच्यालाच सांगू द्या, घरच्यांना बाहेर बसवून. तोवर गोळी स्वतःहून तोडू नका, वाढवूही नका. उलटी किंवा चक्कर सुरू झाली तर रात्र असली तरी थांबू नका, आणि तिथं पोचल्यावर पहिलं वाक्य गोळ्यांबद्दलचं असू द्या.