एकाच वावराचे दोन अहवाल : चूक मातीची, मीटरची की माणसाची?

पूर्णाकाठचा शेतकरी : एकाच वावरातील माती मी दोन प्रयोगशाळांत दिली. पहिलीने सामू ८.१ आणि क्षारांचे प्रमाण दाखवणारी ईसी ०.३१ दिली, दुसरीने सामू ८.५ आणि ईसी ०.६२. पहिल्या अहवालात तळाला माती-पाण्याचे गुणोत्तर १:२.५ छापले आहे, दुसऱ्यात १:५. म्हणजे आकडे मनानेच टाकतात. माती परीक्षण हे निव्वळ थोतांड आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

निवृत्त तंत्रज्ञ : भाऊ, थोतांड म्हणण्याआधी तळाची ती दोन गुणोत्तरे नीट पाहा, कारण अर्धे उत्तर तुम्हीच लिहून दिले आहे. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत पाणी वाढवले की सामू थोडा वर सरकतो. शिवाय सामूच्या इलेक्ट्रोडचा काचेचा बल्ब खालच्या गाळात रुतला तर आकडा कमी येतो आणि वरच्या पाण्यात ठेवला तर जास्त येतो. त्यामुळे ८.१ आणि ८.५ मधील बराचसा फरक दोन्ही ठिकाणी प्रामाणिक काम होऊनही पडू शकतो.

खटकते ती ईसी. पाणी दुप्पट केल्यावर क्षार विरळ होतात, म्हणून १:२.५ ला ०.३१ असलेली माती १:५ ला ०.१८ च्या आसपास यायला हवी होती. ती उलट दुप्पट झाली. सुमारे ०.४४ एवढी ही जादा ईसी आली कुठून? मला संशय आहे तो एका थेंबाचा. सामूचा इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराईडच्या टोपीत ठेवलेला असतो. तो न धुता ५० मिली पाण्याच्या बीकरमध्ये बुडवला आणि ०.०५ मिलीचा एक थेंब जरी आत गेला, तरी पाण्यात लिटरला ३ मिलीमोल क्षार मिसळतो आणि ईसी जवळपास ०.४ ने वाढते. त्याच बीकरमध्ये आधी सामू आणि मग ईसी घेतली, की हा थेंब शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होतो.

खासगी प्रयोगशाळाचालक : आपण थेंबाचा डोंगर करीत आहात. हंगामात आमच्याकडे दिवसाला साठ नमुने येतात आणि एकाच बीकरमध्ये दोन्ही वाचने घेतल्याशिवाय काम उरकत नाही. इलेक्ट्रोड आम्ही धुतोच, आणि त्याच्या सांध्यातून पाझरणारा क्षार नगण्य असतो. घरी बसून अर्ध्या मिनिटात निदान करणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात आमच्या खोलीत येऊन उभे राहावे.

निवृत्त तंत्रज्ञ : पाझर कमी असतो, हे मान्य. मी पाझराबद्दल बोललो नव्हतो, बल्बला लटकलेल्या थेंबाबद्दल बोललो होतो. मे महिन्याचा मुद्दा मात्र तुम्हीच काढलात, तर त्याचेही सांगतो. पाण्याचे तापमान एक अंशाने वाढले की ईसी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. तुमच्या खोलीत ३८ अंश असतील आणि मीटरची तापमान-दुरुस्ती बंद असेल, तर २५ अंशांच्या मानाने पाव हिस्सा वाढ फुकटची मिळते.

संत्रा बागायतदार : माझी ईसी १:२.५ ला ०.९ आली आहे. चारपर्यंत धोका नसतो असे वाचले, म्हणून मी निश्चिंत आहे. येथे ०.३ आणि ०.६ साठी एवढे भांडण कशासाठी चालले आहे, ते मला समजले नाही.

मृदाशास्त्राची विद्यार्थिनी : काका, चारची मर्यादा संपृक्त लगद्यातून काढलेल्या अर्काची आहे. भारी काळ्या मातीच्या लगद्यात शंभर ग्रॅम मातीला सत्तर-ऐंशी मिली पाणी बसते, तुमच्या बीकरमध्ये मात्र अडीचशेच्या हिशेबाने घातले होते. त्यामुळे तुमचे ०.९ त्या मापाने अडीच ते तीनच्या घरात जाते आणि संत्र्याचे नुकसान व्हायला तेवढे पुरते. कृपया निश्चिंत राहू नका.

मूळ प्रश्नावर मला जिप्समची शंका येते. मातीत जिप्सम असेल तर पाणी वाढवल्यावर ते आणखी विरघळते आणि ईसी अपेक्षेइतकी उतरत नाही.

निवृत्त तंत्रज्ञ : ताई, शंका चांगली आहे, पण येथे लागू होत नाही. न विरघळलेले जिप्सम शिल्लक असते तर १:२.५ लाच ईसी दोनच्या आसपास दिसली असती, ०.३१ नव्हे.

खासगी प्रयोगशाळाचालक : इलेक्ट्रोडवर एवढे प्रवचन चालले आहे म्हणून सांगतो, आमच्या सरांनी तो डिस्टिल्ड पाण्यात ठेवायला शिकवले होते. तसे केले की तुमचा थेंबाचा प्रश्नच मिटतो.

निवृत्त तंत्रज्ञ : आणि दुसरा उभा राहतो! हा उद्योग मी स्वतः वर्षभर केला आहे, म्हणून एवढे चिडून लिहितो. डिस्टिल्ड पाण्यात इलेक्ट्रोडमधला क्षार हळूहळू बाहेर जातो, काच सुस्त होते आणि आकडा तीन-चार मिनिटे सरकत राहतो. सकाळी मी फक्त ७ च्या बफरवर, म्हणजे ठरावीक सामूच्या द्रावणावर, मीटर जुळवत असे आणि ते छान जुळत असे. एके दिवशी सहज ९.२ चा बफर लावला, तर मीटरने ८.८ दाखवले. म्हणजे मीटरचा उतार, खऱ्या फरकातला त्याने दाखवलेला हिस्सा, ८२ टक्क्यांवर आला होता आणि ८.६ सामूची चोपण माती मी ८.३ म्हणून लिहीत होतो. किती जणांना चुकीचा सल्ला गेला असेल, ते आठवले की आजही वाईट वाटते. आपल्या मातीसाठी ७ आणि ९.२ असे दोन बफर लावलेच पाहिजेत, आणि ९.२ चा बफर रोज ताजा ओतावा, कारण उघड्यावर तो हवेतील कार्बन डायऑक्साईड शोषून उतरतो. बल्ब पुसताना रगडू नये, कागदाने पाणी फक्त टिपून घ्यावे.

पूर्णाकाठचा शेतकरी : म्हणजे तुमच्याच हिशेबाने कदाचित पहिल्या प्रयोगशाळेचा ८.१ चुकीचा असेल! मग मी काय वेगळे म्हणत होतो?

निवृत्त तंत्रज्ञ : असू शकतो, ते मी नाकारत नाही. पण आकडा मनाने टाकणे आणि मीटर चुकणे यांत फरक आहे. चुकलेला मीटर पकडता येतो. एकाच पिशवीतील माती घ्या, दोन वेगळे बीकर करा, प्रत्येकात २० ग्रॅम माती आणि ५० मिली डिस्टिल्ड पाणी घाला. अर्धा तास अधूनमधून काचकांडीने ढवळा. एका बीकरमध्ये वाचनापूर्वी पुन्हा ढवळून सामू घ्या. दुसऱ्याला हात न लावता रात्रभर ठेवा आणि सकाळी वरच्या निवळीत ईसी घ्या. सकाळीही पाणी ताकासारखे गढूळच राहिले, तर सोडियमने चिकणमाती फुटली असल्याची शंका घ्यावी; पूर्णेच्या खोऱ्यात हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या गढूळ पाण्यात ईसी मोजणारा सेल बुडवू नये, कारण त्याच्या प्लेटांवर गाळ बसतो.

खासगी प्रयोगशाळाचालक : आपल्या समाधानासाठी मी काल ५० मिली डिस्टिल्ड पाणी घेतले. सेलने ०.०१ दाखवले. टोपीतून काढलेला इलेक्ट्रोड मुद्दाम न धुता त्यात बुडवला, तर आकडा ०.३९ झाला. धुऊन, टिपून बुडवल्यावर ०.०१ च राहिला. अभिनंदन, थेंब जिंकला. तथापि आमच्याकडे धुतात, हे मी पुन्हा नमूद करतो.

मृदाशास्त्राची विद्यार्थिनी : एक विचारायचे राहिले. दोन्ही प्रयोगशाळांना दिलेली माती एकाच पिशवीतील होती का?

पूर्णाकाठचा शेतकरी : वावर एकच आहे. दुसरा नमुना पंधरा दिवसांनी, डीएपी पेरून झाल्यावर घेतला होता. त्याने एवढा फरक पडतो, हे मला कोणी सांगितले नव्हते.

निवृत्त तंत्रज्ञ : भाऊ, हे पहिल्याच ओळीत लिहिले असते तर माझे दोन दिवस वाचले असते.