मिसकॅरेज होऊन तीन आठवडे झाले, किटवर अजून दोन रेघा – मदत हवी आहे

अबोली_१२

नमस्कार. विषय नाजूक आहे, पण घरी कुणाशी मोकळेपणी बोलता येत नाही म्हणून इथे विचारतेय.

नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत ठोके नाहीत असं कळलं. थैली गर्भाशयातच होती, पण वाढ सात आठवड्यांपाशी थांबलेली. डॉक्टरांनी गोळ्या देऊन पिशवी रिकामी करायचं ठरवलं. दोन दिवस खूप रक्तस्राव झाला, गाठी पडल्या, मग हळूहळू कमी झाला. नंतरच्या सोनोग्राफीत "पिशवी जवळपास साफ आहे, थोडं रक्त दिसतंय, पाळीबरोबर जाईल" असं सांगितलं.

आता प्रश्न. किटवर दोन रेघा येतच आहेत. पहिले दोन आठवडे तर दुसरी रेघ गरोदरपणात होती तितकीच ठळक होती, आता जरा फिकी झालीये. रक्तातलं बीटा एचसीजी गोळ्या घेतल्या त्या दिवशी ४८,००० होतं, दोन आठवड्यांनी ६१० आणि तीन आठवड्यांनी ११८. ताप नाही, पोटात दुखत नाही, अधूनमधून तपकिरी डाग दिसतो इतकंच.

सासूबाई म्हणतात आत काहीतरी राहिलंय, सरळ क्युरेटिंग करून टाक. आणि खरं सांगायचं तर मला मधूनच वाटतं, सोनोग्राफीच चुकली नसेल ना? सगळं संपलंय, तर हे किट पॉझिटिव्ह कशाला दाखवतंय?

दिगंबर_सोलापूर

दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्हच. अभिनंदन! जड उचलू नका, पपई खाऊ नका.

कोकणकडा

काका, शीर्षक तरी वाचा हो.

दिगंबर_सोलापूर

अरे देवा. माफ करा ताई, घाईत वाचलं.

रेवती_ठाणे

अबोली, सासूबाई बरोबर सांगतायत गं. किट पॉझिटिव्ह म्हणजे आत तुकडा आहे. माझ्या नणंदेचं अगदी असंच झालं होतं, शेवटी तिला क्युरेटिंग करावंच लागलं. तोवर पाणी भरपूर पी, हार्मोन लघवीवाटे निघून जातो.

सूक्ष्मदर्शक

मी डॉक्टर नाही. पण पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं हेच रिपोर्ट काढतोय, त्यामुळे आकड्यांबद्दल बोलू शकतो.

किटला गर्भ कळत नाही, त्याला फक्त एचसीजी कळतं. हे हार्मोन वारेच्या पेशी बनवतात. गर्भाची वाढ थांबली तरी त्या पेशी काही काळ काम करत राहतात. पिशवी रिकामी झाल्यावरही रक्तात आधीच साठलेलं एचसीजी एका दिवसात जात नाही. ओव्ह्युलेशनच्या किटवर जे हार्मोन तपासतात ते याचंच भावंड, पण ते रक्तातून तासाभरातच उतरतं. एचसीजीच्या रेणूवर साखरेच्या साखळ्या जास्त असतात, त्यामुळे ते रक्तात टिकून राहतं आणि निम्मं व्हायला साधारण एक ते दीड दिवस घेतं. हा वेग नवीन एचसीजी अजिबात बनत नसेल तेव्हाचा. प्रत्यक्षात पिशवीच्या भिंतीत काही पेशी मागे राहतात आणि विरून जाईपर्यंत थोडंथोडं बनवत असतात. म्हणून आधी आकडा धाडकन पडतो आणि शेवटी रेंगाळतो.

आता तुमचेच आकडे घेऊ. ४८,००० वरून ६१० म्हणजे सहापेक्षा थोड्या जास्त वेळा निम्मं झालं, तेही चौदा दिवसांत. म्हणजे सव्वादोन दिवसांत एकदा निम्मं. पुढच्या आठवड्यात ६१० वरून ११८, इथे निम्मं व्हायला जवळपास तीन दिवस लागले. वेग मंदावलाय, पण उतार सुरू आहे. घरगुती किट साधारण २५ च्या आसपास पॉझिटिव्ह दाखवतं, काही किट त्याच्याही खाली. याच वेगाने ११८ वरून २५ ला यायला अजून आठवडा तरी हवा. लॅब पाचच्या आत निगेटिव्ह धरते, तिथे पोहोचायला दोन आठवडे. शेपूट लांबलं तर त्याहून जास्त.

एखादीचं सुरुवातीचं बीटा ४०० असेल तर तिचं किट आठ-दहा दिवसांत निगेटिव्ह होतं, कारण तिला चारदाच निम्मं व्हायचंय. तुम्हाला जवळपास अकरा वेळा व्हायचंय. त्यामुळे "माझं तर आठवड्यात निगेटिव्ह आलं" असं कुणी म्हटलं तर आधी तिचा पहिला आकडा विचारा.

रेघ ठळक दिसत होती त्याचंही कारण सांगतो. एचसीजी काहीशेच्या वर गेलं की रेघेवरचा रंग भरून जातो, त्यानंतर पाच हजार असो की पन्नास हजार, डोळ्याला सारखंच दिसतं. तुमचं बीटा त्या दोन आठवड्यांत हजारोंनी उतरत होतं, किटला ते दाखवताच येत नव्हतं.

रेवतीताई, पाण्याने लघवी पातळ होते आणि रेघ फिकी दिसते, पण रक्तातला आकडा तिथेच राहतो. एचसीजीचा बराचसा निचरा लघवीवाटे होतच नाही. आणि किट पॉझिटिव्ह म्हणजे तुकडा, हे समीकरण दोन्ही बाजूंनी फसतं. पिशवी साफ असूनही किट पॉझिटिव्ह राहतं, आणि मेलेला तुकडा आत असूनही निगेटिव्ह येतं.

रेवती_ठाणे

मग माझ्या नणंदेला उगाच क्युरेटिंग केलं म्हणायचं का?

सूक्ष्मदर्शक

ते मी कसं सांगू? तिला रक्तस्राव किती होता, सोनोग्राफीत काय दिसलं, त्यावर ते ठरलं असेल. मी एवढंच म्हणतोय की नुसत्या किटवर ठरवू नये.

मृण्मयी_लीड्स

मी इथे इंग्लंडमध्ये मिडवाइफ आहे. गोळ्यांनी गर्भपात झाला की आमच्याकडे तीन आठवड्यांनी घरी लघवीची टेस्ट करायला सांगतात, आणि त्याआधी करू नका असंही बजावतो, कारण बायका रोज किट लावून जीव कुरतडून घेतात. तीन आठवड्यांनीही पॉझिटिव्ह असेल तर परत बोलावतो. तेव्हा आत काही राहिलं नाही ना, गर्भ नळीत नव्हता ना आणि द्राक्षगर्भ नव्हता ना, हे बघायचं असतं.

अबोली, तुझी थैली गर्भाशयात दिसली होती, त्यामुळे नळीतल्या गर्भाची शंका जवळपास मिटते. ज्यांच्या सोनोग्राफीत आत काहीच दिसलं नव्हतं आणि रक्तस्राव झाला म्हणून "पडून गेलं" असं धरलं, त्यांनी मात्र हे हलक्यात घेऊ नये. एका बाजूला पोटात दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, यातलं काही असेल तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

द्राक्षगर्भाचं वेगळं. त्यात वारेच्या पेशीच बेसुमार वाढतात. त्यामुळे आकडा उतरत नाही, एका जागी अडकतो किंवा उलट चढतो. पडलेला भाग तपासायला पाठवला होता का? नसेल तर आकडा शेवटपर्यंत खाली गेलेला बघणं जास्तच गरजेचं.

सोनोग्राफी चुकली असेल का, हे जवळजवळ प्रत्येकीला वाटतं. पण गर्भ जिवंत असता तर या आठवड्यांत तुझं बीटा हजारोंच्या घरात असतं, ११८ वर आलं नसतं.

अबोली_१२

सूक्ष्मदर्शक, मृण्मयीताई, खूप खूप आभार. तो शेवटचा परिच्छेद वाचून रडले, पण बरं वाटलं. भाग तपासायला पाठवला नव्हता, सगळं घरीच झालं. उद्या डॉक्टरांना विचारते.

निशिगंध_नाशिक

माझा अनुभव उलटा आहे, घाबरवायला नाही सांगत. माझं बीटा ३४० वर आलं आणि तिथेच अडकलं. एक आठवडा ३१०, पुढच्या आठवड्यात ३२५. रक्तस्राव अगदी थोडा, पण थांबेचना. डॉक्टरांनी कलर डॉपलर केलं, तर भिंतीजवळ छोटासा भाग होता आणि त्यात रक्तप्रवाह दिसत होता. एक म्हणाले पाळीपर्यंत थांबू, दुसऱ्या म्हणाल्या दुर्बिणीने काढू, आंधळं क्युरेटिंग नको, आत चिकटण्याची भीती असते. मी दुर्बिणीने काढून घेतलं. थांबले असते तर आपोआप गेलं असतं का, हे आजही मला कुणी छातीठोक सांगत नाही.

सूक्ष्मदर्शक

हे चांगलं उदाहरण आहे. ६१० आणि ११८ ही उतरण, तर ३४०, ३१०, ३२५ हे अडकणं. एका रिपोर्टवरून हा फरक कळत नाही, सलग तीन तरी लागतात. आणि ते एकाच लॅबमधून करा. दोन लॅबची मशीन वेगळी असली तर त्याच रक्ताचा आकडा वेगळा येऊ शकतो, मग उगाच "वाढलं वाढलं" होतं.

कोकणकडा

यात नवीन गर्भधारणेची शक्यता कुणी धरलीच नाहीये. मिसकॅरेजनंतर दोन-तीन आठवड्यांतही स्त्रीबीज सुटू शकतं ना? माझ्या बहिणीची पाळी मधे आलीच नाही, सगळे जुनंच एचसीजी म्हणत राहिले आणि निघाली नवीन प्रेग्नन्सी.

मृण्मयी_लीड्स

हो, होऊ शकतं. मात्र तेव्हा आकडा आधी खाली जाऊन पुन्हा चढायला लागतो. म्हणूनच पुढचा प्रयत्न करायचा असला तरी एकदा किट निगेटिव्ह झालेलं बघून घ्यावं, नाहीतर नवी रेघ की जुनी हेच कळत नाही. आणि या काळात ओव्ह्युलेशनच्या किटवर विसंबू नका, एचसीजी असलं की काही वेळा तीही पॉझिटिव्ह येतात.

रेवती_ठाणे

अबोली, पॅड तासाला भरत असतील, लागोपाठ दोन तास, तर लगेच जा. ताप किंवा वास येणारा स्राव असला तरी. हे नणंदेच्या वेळचं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

अबोली_१२

अपडेट. त्याच लॅबमध्ये पुन्हा केलं, ४१ आलं. किटवर सकाळच्या लघवीत पुसट रेघ, दुपारी काहीच नाही. डॉक्टर म्हणाल्या क्युरेटिंगची गरज दिसत नाही, पण भाग तपासलेला नसल्यामुळे पाचच्या खाली येईपर्यंत दर आठवड्याला बीटा करायचं. सासूबाईंना कागदावर चारही आकडे खाली खाली लिहून दाखवले, त्या अजून कुरकुरतायत.

पाळी अजून आलेली नाही. ती बीटा निगेटिव्ह झाल्यावरच येते की आधीही येऊ शकते?

निशिगंध_नाशिक

माझी तुकडा काढल्यावर पाच आठवड्यांनी आली, तेव्हा बीटा निगेटिव्ह होतं. मैत्रिणीला मात्र किटवर पुसट रेघ असतानाच आली. त्यामुळे नक्की नियम मला तरी माहीत नाही.