मदत हवी आहे: इशारा देणारा प्रॉम्प्ट शेवटी उत्तरच देऊन टाकतो

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत घरीच अकरावीच्या सहा मुलांना पायथन शिकवते. घरी सराव करताना त्यांना तयार उत्तर न मिळता विचार करायला लावणारे प्रश्न मिळावेत, म्हणून चॅटबॉटसाठी प्रॉम्प्ट लिहितेय.

यादीतली सर्वांत मोठी संख्या शोधायची होती. एका मुलाने लिहिलं:

```python
m = 0
for x in a:
    if x > m:
        m = x
```

`[-7, -3, -9]` दिल्यावर उत्तर 0 येतं. माझ्या प्रॉम्प्टमध्ये फक्त "पूर्ण कोड देऊ नकोस, इशारा दे" एवढंच होतं. कोड आला नाही, पण पहिल्याच इशाऱ्यात `m` ची सुरुवात `a[0]` ने कर असं आलं. म्हणजे उत्तरच की!

मग नियम बदलले: आधी मुलाला अपेक्षित उत्तर विचार, एका वेळी एकच प्रश्न, आणि पहिला इशारा म्हणजे प्रत्येक फेरीनंतरची `m` ची किंमत वहीत लिहायला लावणं. याने खूप फरक पडला. `m` शून्यावरून हलतच नाही हे मुलाला स्वतःच दिसलं, आणि मला हवं होतं ते हेच.

पण मुलाने तीनदा "नाही जमत" लिहिलं की पूर्ण कोड येतोच. तिथे काय लिहावं? त्याच चुकीचं सोपं उदाहरण द्यायला सांगू का? आणि बरोबर उत्तर प्रॉम्प्टमध्ये ठेवलं तर तपासणी अचूक होईल, की तेच फुटेल? कोणी करून पाहिलं असेल तर प्रॉम्प्टमधली नेमकी वाक्यं द्याल का?