सायन्सच्या तासाला मराठी-इंग्लिश मिसळ: पोरांना कळतं की कळल्यासारखं वाटतं?

बावड्याचा_बाप: मुलगी दहावीला, सेमी इंग्लिश. सायन्सचे सर निम्मं मराठीत, निम्मं इंग्लिशमध्ये शिकवतात. तासाला सगळं कळतं म्हणते, पण पेपरात ‘गिव्ह सायंटिफिक रीझन्स’ आलं की कोरं सोडून येते. ही मिसळ बरी, का सरळ एकच भाषा?

राजारामपुरीकर: एकच भाषा, इंग्लिश. पुढं अकरावी, नीट, जेईई सगळं त्यातच हाय. आमच्या पोराचे क्लासवाले मराठीचा शब्द काढत नाहीत. सुरुवातीला रडला, आता फाडफाड सांगतोय.

तांबडा_रस्सा: इंग्लिशच्या नादानं मराठी शाळा ओस पडल्या, त्यावर कोण बोलणार? आधी तिथं पट वाढवा.

बावड्याचा_बाप: भावा, ते खरंय, पण माझी पोरगी आत्ता दहावीला बसलीय. त्याचं सांग.

फिजिक्सच्या_बाई: नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येतात, अ‍ॅडव्हान्स्ड मात्र इंग्लिश-हिंदीतच. असो. भाषा मिसळण्याला माझी हरकत नाही, मी स्वतः मिसळते. घोळ होतो तो कुठं मिसळतो त्यावर. ग्रॅव्हिटेशनचा धडा घ्या. तास साधारण असा चालतो: “बघा, बॉल वर फेकला, स्पीड कमी कमी झाला, टॉपला जाऊन थांबला. व्हेलॉसिटी झिरो. अ‍ॅक्सिलरेशन मात्र नाइन पॉइंट एट. ओके? लिहून घ्या.”

गोष्ट मराठीत झाली, निकाल इंग्लिशमध्ये लागला, आणि त्या ‘मात्र’मागचं कारण कुठल्याच भाषेत आलं नाही. पोरं मान डोलावतात, कारण बॉलची गोष्ट त्यांना खरंच कळलेली असते.

कारण असं. सोपं जावं म्हणून g दहा धरा आणि हवा विसरा. सेकंदाला २० मीटर वेगानं बॉल वर गेला. एका सेकंदानं वेग १०, दुसऱ्या सेकंदाला शून्य, तिसऱ्याला पुन्हा १०, पण खाली. दर सेकंदाला बदल १० चाच, तोही खालच्या दिशेनं, आणि टोकावर त्यात खंड नाही. तिथं अ‍ॅक्सिलरेशनही शून्य असतं आणि शून्यच राहिलं असतं, तर बॉल वरच लटकला असता.

कळलंय का हे बघायला मी कोरा कागद देते. बॉल वर जाताना, टोकाला आणि खाली येताना, तिन्ही ठिकाणी त्याच्यावरच्या बलाचा बाण काढायचा. हातातून सुटल्यावर बाण कायम खालीच हवा. व्याख्या घडाघडा म्हणणारी पोरंसुद्धा वर जाताना तो वर काढतात आणि टोकाला काढतच नाहीत. राजारामपुरीकर, तुमच्या चिरंजीवांना एकदा देऊन बघा.

राजारामपुरीकर: देतो की. पण बाई, वीस, दहा, शून्य हे इंग्लिशमध्येही सांगता येतंय. आकड्यांना कुठली आलीय भाषा?

फिजिक्सच्या_बाई: आकड्यांना नाही लागत. पण “मॅडम, थांबलाय म्हणजे त्याला कोण ओढत नसणार की!” असं पोरगं भांडतं तेव्हा त्याची खरी समजूत बाहेर येते. दहावीतलं आमचं पोर इंग्लिशमध्ये भांडत नाही, “येस मॅडम” म्हणतं. मग त्याची चूक मला दिसणार कशी?

निवृत्त_मास्तर: बाईंचं पटतं, पण अर्धंच. घरच्या बोलीनंही चकवा बसतो. ‘थांबला’ म्हटलं की पोराला गाडी थांब्यावर उभी राहिल्यासारखं वाटतं. शिवाय पेपर इंग्लिशमध्येच लिहायचा असतो. दक्षिण आफ्रिकेत गणिताच्या बहुभाषिक वर्गांवर जिल अ‍ॅडलर आणि मामोकगेथी सेटाटी यांनी काम केलंय, त्यात हीच ओढाताण आहे. घरच्या भाषेतल्या मोकळ्या बोलण्यापासून इंग्लिशमधल्या नेमक्या लिखाणापर्यंत बराच टप्पा असतो, आणि शिक्षक मधल्या पायऱ्या गाळतात.

बावड्याच्या पाहुण्यांनी घरी एवढं करावं. पोरीला आधी मराठीत, ‘कारण’ शब्द वापरून, एका वाक्यात उत्तर बोलायला लावा. मग तेच मोडक्या इंग्लिशमध्ये तोंडी. लिहिणं सगळ्यात शेवटी. कोरं कुठं पडतं ते तिथंच दिसेल. मराठीतच अडली तर फिजिक्स कच्चं, इंग्लिशला अडली तर नुसती भाषा. दोन्हीचा इलाज वेगळा.

बावड्याचा_बाप: आज जेवल्यावर बसवतो. पण सर हे वर्गात का करत नाहीत?

फिजिक्सच्या_बाई: साठ पोरं, पस्तीस मिनिटं, आणि पोर्शन संपवायची घाई. मीही प्रत्येक धड्याला करत नाही. जिथं हमखास चुकतं तिथंच करते.

इचलकरंजी_माग: तुमचं सगळं घरची भाषा मराठी धरून चाललंय. माझ्या वर्गात मागावरच्या कामगारांची पोरं आहेत, कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड. मी मराठीत वळलो की चार पोरं खिडकीबाहेर बघायला लागतात. त्यांच्यासाठी मराठी आणि इंग्लिश दोन्ही परक्याच.

निवृत्त_मास्तर: एका भाषेची दोन-दोन पोरं शेजारी बसवून आपसात बोलू द्यायची, बाण मात्र एकाच कागदावर काढायला लावायचा. तो बघायला तेलुगू यावी लागत नाही.

इचलकरंजी_माग: बाण चुकलेला दिसेल हो. तो का चुकला हे त्याला मी कुठल्या भाषेत विचारू?