'परिवलन', 'घूर्णन' की 'वलन'? पोलॅरिमीटरच्या प्रयोगाची मराठी

प्रयोगवही (इंदूर)
आमच्या मराठी मंडळाच्या अंकात यंदा चार पाने विज्ञानाला दिली आहेत. त्यासाठी मी पोलॅरिमीटरचा प्रयोग मराठीत लिहिते आहे. इथे आम्ही सगळेच हिंदीतून शिकलो. त्यामुळे 'घूर्णन' तोंडी बसलेले आहे, पण मराठी वाचकाला ते परके वाटेल अशी शंका येते. मसुद्यातला भाग असा आहे:

"१०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर विरघळवून ते द्रावण २० सेंटीमीटरच्या नळीत भरावे. द्रावणातून जाताना प्रकाशाच्या ध्रुवणाचे प्रतल परिवलन करते. हा कोन शर्करामापीवर वाचावा."

तीन प्रश्न आहेत. 'परिवलन' चालेल का? 'शर्करामापी' कळेल का? आणि तिसरा असा: सूत्राप्रमाणे कोन १३.३ अंश यायला हवा, पण मुलांची वाचने १२.५ च्या आसपास येतात. या फरकाला मराठीत 'त्रुटी' म्हणावे, 'चूक' म्हणावे की 'तफावत'?

सराफा
ताई, शर्करामापी सगळ्यांना कळेल, आमच्या घरात आहेच. आईची साखर रोज सकाळी त्यावरच बघतो. फक्त 'अंश' कुठून आले ते समजले नाही. आमच्या यंत्रावर १४०, १८० असे आकडे येतात. आणि त्याला नळी नसते, पट्टी असते.

प्रयोगवही
सराफा, ते ग्लुकोमीटर. रक्तातल्या ग्लुकोजची पट्टीवर रासायनिक अभिक्रिया होते आणि तिच्यामुळे वाहणारी वीज ते यंत्र मोजते. मी म्हणते त्यात प्रकाश असतो आणि काचेची लांब नळी. पण तुमच्या उत्तराने दुसरा प्रश्न सुटला. 'शर्करामापी' लिहिले तर निम्मे वाचक तुमच्यासारखेच रक्तातल्या साखरेकडे जातील. मी 'पोलॅरिमीटर'च ठेवते.

सयाजीगंज (वडोदरा)
मी शाळेत रसायन शिकवायचो. 'परिवलन' बरोबर आहे, शब्दाचा अर्थच फिरणे. पृथ्वीचे परिवलन म्हणतोच की आपण. आणि साखर नेहमी उजवीकडे फिरवते हेही लिहा. ग्लुकोजला डेक्स्ट्रोज म्हणतात ते याचसाठी, डेक्स्टर म्हणजे उजवा.

अर्धछाया (ग्वाल्हेर)
सयाजीगंजकाका, ग्लुकोज आणि ऊससाखर उजवीकडे वळवतात हे खरे. पण फळांतली साखर, फ्रुक्टोज, डावीकडे वळवते, आणि ग्लुकोज उजवीकडे वळवतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त. म्हणून 'साखर नेहमी' नको, 'ऊससाखर' लिहा. आणि उजवे कोणाचे, तेही सांगायला हवे. निरीक्षक प्रकाश येतो त्या दिशेकडे तोंड करून बघतो, त्याला प्रतल घड्याळाच्या काट्यासारखे वळलेले दिसले तर ते उजवे. दिव्याच्या बाजूने पाहणाऱ्याला हेच उलट दिसेल.

'परिवलन' मात्र मला पटत नाही. पृथ्वीचे परिवलन चालू असते, थांबत नाही. इथे तसे काही फिरत राहत नाही. प्रकाश नळीत शिरतो तेव्हा त्याचे कंपन एका ठरलेल्या प्रतलात असते. द्रावणात जसजसा तो पुढे जातो तसतसे ते प्रतल थोडे थोडे तिरके होत जाते, आणि नळीतून बाहेर पडल्यावर जितके तिरके झाले तितकेच राहते. तास उलटला तरी कोन तोच. नळीची लांबी दुप्पट केली तर कोन दुप्पट, साखर दुप्पट केली तरी दुप्पट. 'परिवलन' वाचणारा मुलगा 'किती वेळात?' असे विचारेल, आणि या प्रयोगात वेळेचा संबंधच नाही.

आणखी एक. प्रतल १८० अंश वळले तर ते मूळ प्रतलावरच येते. त्यामुळे एका वाचनावरून १३ अंश वळले की १९३, की उलट दिशेने १६७, हे यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी तेच द्रावण निम्म्या लांबीच्या नळीत भरून बघावे लागते. १३.३ चे ६.६५ झाले तर पहिले वाचन खरे. १९३.३ असते तर निम्म्या नळीत ९६.६५ दिसले असते.

प्रयोगवही
म्हणजे 'वलन'?

अर्धछाया
माझे मत 'वलन'. वळणे आपल्या रोजच्या बोलण्यातले आहे. 'उजवीकडे वळवणारा', 'डावीकडे वळवणारा' असेही सहज म्हणता येते.

सयाजीगंज
तुमचे वेळेचे म्हणणे मान्य आहे. पण भूगोलात 'वलन' म्हणजे खडकांच्या थरांना पडलेल्या घड्या, वली पर्वत त्यातूनच. एक गोंधळ काढून दुसरा का आणता? त्यापेक्षा घूर्णन बरे, त्याला दुसरा अर्थ चिकटलेला नाही.

अर्धछाया
खडकांचे वलन आणि प्रकाशाचे वलन एका पानावर येणार नाहीत, म्हणून मला त्याची भीती वाटत नाही. पण तुमची हरकत हरकतच आहे.

आता तिसरा प्रश्न, मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ताई, १२.५ आणि १३.३ मधला फरक ना त्रुटी आहे, ना यंत्राची तफावत. तो तुमच्या पहिल्याच वाक्यात आहे. तुम्ही '१०० मिली पाण्यात १० ग्रॅम' लिहिले आहे. सूत्र असे:

θ = S × l × c

यात θ म्हणजे वळलेला कोन, S म्हणजे तो पदार्थ किती वळवतो त्याचा ठरलेला आकडा, l म्हणजे नळीची लांबी डेसिमीटरमध्ये, आणि c म्हणजे एक मिलिलिटर द्रावणात किती ग्रॅम साखर. द्रावणात, पाण्यात नव्हे. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर घातली की साखर आपली जागा घेते आणि द्रावण १०६ मिलीच्या आसपास होते. मग c = १० ÷ १०६, म्हणजे ०.०९४. ऊससाखरेसाठी S २० अंश सेल्सिअसला सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात ६६.५ असते, आणि नळी २ डेसिमीटर. ६६.५ × २ × ०.०९४ = १२.५. मुलांनी अगदी बरोबर वाचले आहे.

वाक्य असे करा: '१० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवून, १०० मिलीच्या मोजफ्लास्कमध्ये ओतून, खुणेपर्यंत पाणी घालावे.' मग १३.३ मिळेल. नाहीतर कोन बरोबर वाचूनही अज्ञात द्रावणाची संहती काढताना सगळे मूळ मोजमापच सहा टक्क्यांनी चुकलेले राहील.

प्रयोगवही
हे कुणी सांगितलेच नव्हते. 'पाण्यात' आणि 'द्रावणात' एवढाच फरक. मग 'त्रुटी' हा शब्द कशासाठी ठेवू?

अर्धछाया
जिथे खरोखर डोळ्याचा किंवा यंत्राचा अंदाज चुकतो तिथे. नळीत फक्त पाणी भरूनही शून्य नेमके शून्यावर येत नाही, समजा ०.४ येते. ते आधी वाचून प्रत्येक वाचनातून वजा करायचे, ती शून्यत्रुटी. नळीत हवेचा बुडबुडा प्रकाशाच्या वाटेत राहिला तर क्षेत्र धूसर होते, म्हणून नळीला मध्ये फुगवटा असतो. बुडबुडा तिथे ढकलून ठेवायचा. टोकाच्या टोप्या फार आवळल्या तर काचेच्या चकत्यांवर ताण येतो आणि ती काचसुद्धा वाचन बिघडवते. टोप्या हलक्या हाताने लावाव्यात.

आणि मुलांना क्षेत्राचे दोन्ही भाग कोणत्या जागी सारखे करायचे ते नीट लिहा. अर्धछाया पट्टी असलेल्या यंत्रात गोल क्षेत्राचे दोन अर्धे दिसतात. विश्लेषक फिरवताना ते दोनदा सारखे होतात, एकदा दोन्ही अंधुक आणि एकदा दोन्ही उजळ. वाचन अंधुक जागीच घ्यायचे, कारण तिथे जरासे इकडेतिकडे झाले तरी एक अर्धा लगेच उजळतो आणि डोळ्याला कळते. उजळ जागी कितीतरी फिरवले तरी फरक लक्षात येत नाही.

पोल-ब्रिक्स
मी वडोदऱ्याचा. दक्षिण गुजरातच्या एका साखर कारखान्यात प्रयोगशाळेत होतो. आम्ही 'पोल' म्हणायचो. 'रसाची पोल किती आली?' हे वाक्य दिवसातून कितीदा तरी कानावर पडायचे. आमच्या यंत्रावर अंश नसायचे, साखरेचे मापच कोरलेले असायचे. शुद्ध साखर २६ ग्रॅम, १०० मिली द्रावणात, २० सेंटीमीटरच्या नळीत: वाचन १००. म्हणून आमच्याकडे 'शर्करामापी' शब्द चालला असता, पण बाहेर नाही, हे सराफाभाऊंनी दाखवले.

ब्रिक्स आणि पोल लोक एकच समजतात. ब्रिक्स म्हणजे विरघळलेले सगळे, साखर, क्षार, जे असेल ते. पोल फक्त प्रतल वळवणाऱ्याचे. पोल भागिले ब्रिक्स म्हणजे शुद्धता.

एक अनुभव सांगतो. एकाच रसाची पोल सकाळी एक, संध्याकाळी त्याहून कमी. ब्रिक्स जवळजवळ तेवढेच. नवीन मुलगा म्हणाला, यंत्र बिघडले. यंत्र ठीक होते. रस आंबट असतो, त्यात जंतू वाढतात, आणि ऊससाखर तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. फ्रुक्टोज डावीकडे जोरात वळवतो, म्हणून मिश्रणाची एकूण बेरीज डावीकडे जाते. १०० मिलीला १० ग्रॅमचे द्रावण पूर्ण तुटले तर उजवीकडच्या १३.३ ऐवजी डावीकडे चार अंशांच्या आसपास दिसेल. गोडी मात्र जात नाही.

सयाजीगंज
मग पोल म्हणजे 'साखर' नाही, 'वळवण्याची बेरीज' म्हणायची.

पोल-ब्रिक्स
तसेच. मोजलेला कोन सगळ्यांचा मिळून असतो. नळीत एकच वळवणारा पदार्थ आहे हे माहीत असेल तरच त्यावरून संहती काढता येते. त्यामुळे ताईंनी 'साखरेचे द्रावण' एवढ्यावर न थांबता 'ताजे, ऊससाखरेचे द्रावण' लिहावे. नुसते 'ग्लुकोज' घेतले तर वेगळाच प्रकार होतो, विरघळवल्यावर काही तास कोन आपोआप उतरत जातो. ते द्रावण आदल्या दिवशी करून ठेवावे.

सराफा
एक विचारू का? साखरेचे रेणू पाण्यात कसेही लोळत असतील ना? अर्धे उजवीकडे, अर्धे डावीकडे वळवून बेरीज शून्य का होत नाही?

अर्धछाया
चांगला प्रश्न. उजव्या आट्यांचा स्क्रू उलटा धरा, आडवा धरा, आटे उजवेच राहतात. साखरेच्या रेणूचे तसेच आहे. तो कसाही लोळला तरी त्याचा हात बदलत नाही, म्हणून सगळे मिळून एकाच बाजूला वळवतात. क्वार्ट्झमध्ये मात्र वळण स्फटिकाच्या रचनेत असते. तो वितळवून काच केली की वळण नाहीसे होते. फ्रेंच शास्त्रज्ञ बीओंनी १८१५ मध्ये टर्पेंटाइन आणि साखरेच्या द्रावणात हे वळण पाहिले. द्रवातही ते दिसते, म्हणजे ते रेणूतच आहे, हे त्यातून पुढे आले.

प्रयोगवही
मसुदा बदलला: "१० ग्रॅम ऊससाखर थोड्या पाण्यात विरघळवून मोजफ्लास्कमध्ये १०० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी घालावे. या ताज्या द्रावणातून जाताना ध्रुवणाचे प्रतल उजवीकडे वळते." क्रियापद 'वळते' ठेवले आहे, त्यावर कुणाची हरकत दिसत नाही. नामाची जागा अजून कोरी आहे.

सयाजीगंज
त्या जागी घूर्णन.

अर्धछाया
वलन. आणि अंकात S लिहिताना तापमान आणि प्रकाशाचा रंग शेजारी लिहायला विसरू नका. निळ्या प्रकाशात हीच साखर कितीतरी जास्त वळवते.