पासबुक हरवल्याचं पत्र, पेपरातलं आणि बँकेतलं : तुमचे अनुभव सांगा

शिकवणीवाल्या ताई

मी मंगळवार पेठेत घरीच दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. गेल्या आठवड्यात सरावाला एकच प्रश्न दिला : 'तुमच्या बचत खात्याचे पासबुक हरवले आहे. दुय्यम पासबुक मिळावे अशी विनंती करणारे पत्र शाखा व्यवस्थापकांना लिहा.' चौदा वह्या आल्या. पाच वह्यांत खाते क्रमांकच नव्हता. दोन पत्रं 'स. न. वि. वि.' लिहून सुरू झाली होती आणि एकाने बँकेच्या साहेबांना शेवटी 'लोभ असावा' म्हटलं होतं. घरगुती पत्राचं पाठांतर हातात इतकं बसलेलं असतं की ते कुठेही उतरतं.

पण हा धागा काढला तो एका मुलीच्या वहीमुळे. तिने पासबुक कसं हरवलं ते अकरा ओळींत लिहिलं होतं. केएमटीतली गर्दी, रंकाळ्यापाशी उतरताना पिशवीची चेन उघडी दिसली तो क्षण, आजीने दिलेले पैसे त्याच खात्यात आहेत म्हणून आलेलं रडू. वाचताना मीच थांबले. मागणी मात्र शेवटच्या ओळीत एवढीच : 'तरी मला पासबुक द्या.' सहापैकी तीन गुण दिले आणि रात्री चुटपुट लागली. दुसऱ्या दिवशी तिला शेजारी बसवून तेच पत्र दोघींनी पुन्हा लिहिलं. ते असं झालं :

दिनांक : १५ जुलै २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
अ. ब. क. सहकारी बँक,
राजारामपुरी शाखा, कोल्हापूर.

विषय : बचत खात्याचे पासबुक हरवल्याने दुय्यम पासबुक मिळणेबाबत.

महोदय,
आपल्या शाखेत माझे बचत खाते असून त्याचा क्रमांक ०१२३४५ आहे. दि. १० जुलै रोजी बसने प्रवास करताना माझे पासबुक हरवले. घरी व बसस्थानकावर शोध घेऊनही ते मिळाले नाही.

शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत ३१ जुलैपर्यंत जोडायची आहे. तरी कृपया मला दुय्यम पासबुक द्यावे, ही विनंती. त्याचे नियमानुसार होणारे शुल्क माझ्या खात्यातून वळते करून घ्यावे. हरवलेले पासबुक सापडल्यास ते मी शाखेत जमा करीन.

आपली विश्वासू,
क. ख. ग.
मंगळवार पेठ, कोल्हापूर.
ई-मेल : abc@xyz.com

अकरा ओळींच्या दोन झाल्या. रडू गेलं आणि त्या जागी शिष्यवृत्तीची तारीख आली. 'आपली' हा शब्दही तिने स्वतः दुरुस्त केला, कारण मुलीसुद्धा नमुना पाठ करून 'आपला विश्वासू' लिहून मोकळ्या होतात. तुमचे अनुभव हवे आहेत. पेपरात या पत्राचे गुण कुठे गेले? आणि खरंच बँकेत असं पत्र द्यायची वेळ आली तेव्हा शाळेतलं किती उपयोगी पडलं?

काउंटरवरचे काका

ताई, मी सहकारी बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच बचत खात्याच्या काउंटरवर. असे अर्ज किती हाताखालून गेले त्याचा हिशेब नाही. तुमच्या पत्रातली प्रत्येक ओळ कामाची आहे, ती का कामाची ते सांगतो.

अर्ज हातात आला की आम्ही पहिल्यांदा विषय आणि खाते क्रमांक बघायचो. मजकूर नंतर. क्रमांक घालून खातं उघडायचं, नाव जुळतं का बघायचं आणि लगेच सही पडताळायची. सही जुळली नाही तर पुढे काहीच होत नाही. आता तुमचं पत्र बघा, त्यात सहीला जागाच नाही! पेपरात ते बरोबर असेल, पण मुलांना एवढं तरी सांगा की खऱ्या अर्जावर नावाच्या वर सही लागते, आणि ती खातं उघडताना केली होती तशीच.

'सापडल्यास जमा करीन' हे वाक्य मुलांना शोभेचं वाटतं. ते तसं नाही. आमच्याकडे स्लिप भरून पैसे काढायचे तर सोबत पासबुक लागायचं. एका खात्याची दोन पासबुकं बाहेर फिरली तर घोटाळ्याला वाट होते. म्हणून नव्या पासबुकावर 'दुय्यम' असा शिक्का मारून तशी नोंद करायचो, आणि जुनं सापडलं की परत घेऊन रद्द करायचो.

शुल्काचं वाक्यही चांगलं आहे. आम्ही 'खात्याला नावे टाकावे' म्हणायचो, अर्थ तोच. ते अर्जात असलं की गिऱ्हाइकाला पुन्हा बोलवावं लागत नाही.

शाहूपुरीकर

माझं पासबुक २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात गेलं. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी. पाणी ओसरल्यावर कपाटातली कागदपत्रं काढली तर पासबुकाचा नुसता लगदा. दुय्यम पासबुकाला किती दिवस लागतात, पोलिसांचा दाखला लागतो का, हे कुणी सांगेल का?

माझं झालं ते असं. मी अर्जात 'पुरात पासबुक हरवले' लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "वाहून गेलं की भिजलं?" मी पिशवीतून लगदा काढून दाखवला. त्या म्हणाल्या, "मग हरवलं लिहू नका भाऊ, खराब झालं लिहा आणि हे इथंच जमा करा." तिथंच उभं राहून दुसरा अर्ज लिहिला. आतलं पान अजून थोडं वाचता येत होतं, त्यावरून खाते क्रमांक मिळाला.

शिकवणीवाल्या ताई

शाहूपुरीकर, मी परीक्षेतल्या पत्राबद्दल विचारत होते, पण तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. हरवलं, खराब झालं आणि पानं संपली ही तीन वेगळी कारणं आहेत, हे मी मुलांना कधी फोडून सांगितलंच नव्हतं. माझ्या एका वहीत विषयात 'हरवल्याबाबत' आणि मजकुरात 'माझे पासबुक भरले आहे' असं आहे. मी ती नुसती विसंगती म्हणून खूण केली होती.

काउंटरवरचे काका

पानं संपली असतील तर तो दुय्यम पासबुकाचा अर्जच नव्हे. जुनं दाखवायचं, पुढचं घ्यायचं. आम्ही त्याला शुल्क लावत नव्हतो. शाहूपुरीकर, पोलिसांच्या दाखल्याचं बँकेबँकेत वेगळं असतं. आमच्याकडे साध्या बचत खात्याला मागत नव्हतो, मुदत ठेवीच्या पावतीला मात्र जास्त कागद लागायचे. आणखी एक, दुय्यम पासबुकात जुने सगळे व्यवहार छापून मिळतील असं धरू नका. आमच्याकडे आजची शिल्लक लिहून पुढे सुरुवात व्हायची. मागचं हवं असेल तर खातेउतारा वेगळा मागावा लागतो, आणि तो त्याच अर्जात मागितला तर एक खेप वाचते.

दहावीची आई

माझ्या मुलाने पाठवणाऱ्याचा पत्ता वर उजवीकडे लिहिला म्हणून शाळेत दोन गुण कापले. मी स्वतः तसंच शिकले होते, मीच त्याला तसं सांगितलं होतं. आता कळलं की वर उजवीकडे लिहिणं चूकच आहे. सगळं डावीकडे आणि स्वतःचा पत्ता खाली, हेच खरं पत्र.

शिकवणीवाल्या ताई

मुलाला दोष देऊ नका, ताई. तुम्ही शिकलात ते तेव्हा बरोबरच होतं. दहावीचं नवं पुस्तक २०१८ साली आलं, त्या सोबत हा ई-मेलसारखा आराखडा आला : तारीख आधी, सगळं डाव्या समासाला, नाव-पत्ता-ई-मेल शेवटी. ते बोर्डाच्या मराठीच्या पेपरापुरतं. इंग्रजीच्या पेपरात पाठवणाऱ्याचा पत्ता वरच शिकवतात, आणि एकाच आठवड्यात दोन्ही पेपर देणारी मुलं नेमकी तिथेच घोटाळतात. बँकेत तर पत्ता वर असो की खाली, कुणी परत पाठवत नाही. बरोबर ना, काका?

काउंटरवरचे काका

कधीच नाही. पत्ता असला म्हणजे झालं, आणि मोबाइल नंबर. तो तुमच्या नमुन्यात नाही.

निपाणीची सून

माझं शिक्षण कन्नडमधून झालं. लग्नानंतर कोल्हापुरात आले आणि आता नोकरीसाठी मराठीची परीक्षा देतेय. हेच पत्र मला सरावाला होतं. आराखडा एका दिवसात पाठ झाला, अडलं ते क्रियापदाला. मी लिहिलं, 'मला नवीन पासबुक पाहिजे.' कन्नडमध्ये 'बेकु' म्हणतात, त्यात उद्धट काही नाही. सासूबाई वही बघून म्हणाल्या, "अगं, हे दुकानात मागितल्यासारखं वाटतंय. 'द्यावे, ही विनंती' असं लिही." मी विचारलं, "मग 'कृपया पासबुक द्या' चालेल?" त्या म्हणाल्या, "बोलताना चालतंय, कागदावर 'द्यावे'च." मग सगळं पत्र त्या एका रूपात बसवलं : द्यावे, वळते करावे, कळवावे. एकदा कान सरावला की पुढची पत्रं त्याच चालीवर सुचू लागली. पण 'मिळणेबाबत' मला अजून कळत नाही. 'मिळण्याबाबत' का नाही?

शिकवणीवाल्या ताई

दोन्ही चालतात. 'मिळणेबाबत' हे कचेरीच्या भाषेतलं जुनं रूप, 'मिळण्याबाबत' आजच्या नियमाला धरून. मी कशाचेही गुण कापत नाही. विषयाच्या ओळीत पूर्ण वाक्य लिहिलं तर मात्र खूण करते.

यंदाचा दहावीचा

मॅडम, मी पेपरात माझं खरं नाव आणि घरचा पत्ता लिहिला होता. सर म्हणाले, उत्तरपत्रिकेत ओळख उघड होईल असं काही लिहायचं नाही, प्रश्नात नाव दिलं असेल तर तेच, नाहीतर अ. ब. क. मग खाते क्रमांक मनाने लिहायचा का? आमच्या वर्गात निम्म्यांनी मोकळी जागा सोडली.

शिकवणीवाल्या ताई

मनाने लिही, बाळा. पाच-सहा अंक पुरेत. मोकळी जागा म्हणजे मुद्दाच राहिला असं वाचणाऱ्याला वाटतं. घरचा खरा क्रमांक मात्र लिहू नकोस.

राजारामपुरीतला मास्तर

मी हायस्कूलला मराठी शिकवतो. ताईंच्या नमुन्यात 'सोबत : आधार कार्डाची प्रत' ही ओळ नाही, ती हवी असं माझं मत आहे. प्रश्नात सांगितलेलं नसलं तरी, बँकेला ओळखीचा कागद लागणार हे मुलाला कळलंय, हे त्यातून दिसतं. आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई म्हणतात, प्रश्नात नाही ते घालू नये, आराखडा बिघडतो. दोन वर्षं आम्ही दोघं यावर अडून आहोत.

शिकवणीवाल्या ताई

सर, मी ती ओळ घातली होती आणि मग काढली. मलाही ठाम सांगता येत नाही. सहीचंही तसंच. काकांनी सांगितल्यावर काल वर्गात फळ्यावर पत्र लिहिलं आणि 'आपली विश्वासू'च्या खाली एक ओळ मोकळी ठेवली. तीच रंकाळ्याची मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, पेपरात इथं काय लिहू?" मी म्हटलं, "पेपरात काही नाही. बँकेत जाशील तेव्हा इथे सही." तिने वहीत त्या जागी पेन्सिलीने छोटी चौकट काढून ठेवली.